अब्बांची पेन्शन, माझा पगार आणि एक वही

आई-वडिलांवर किती खर्च होतो, हे लिहून ठेवणे आमच्याकडे बेअदबी समजतात. ज्यांनी वाढवताना हिशेब ठेवला नाही, त्यांचा हिशेब मुलांनी काय ठेवायचा, असे मामू, खाला, शेजारी सगळे म्हणतात. भावना खरी आहे आणि मला ती मान्यही आहे. पण माझा अनुभव असा की, हिशेब न ठेवल्याने खर्च थांबत नाही. तो कुठून भागवला गेला, तेवढेच कळेनासे होते. पगारदार बाईच्या घरात तो बहुतेक वेळा तिच्या म्हातारपणातून भागवला जातो. म्हणून मी 2024 च्या जानेवारीत एक वही घातली. त्या वहीने मला जे दाखवले, ते या लेखात मांडते आहे.

आधी घराची ओळख. मी एका अनुदानित शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. लोणी काळभोरला सोलापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला आमचे घर आहे, आणि दोन गल्ल्या सोडून अम्मी-अब्बांच्या दोन खोल्या. अब्बांनी तेलाच्या डेपोंवरून निघणारे टँकर आयुष्यभर चालवले. त्यांचा जन्म 1951 चा, अम्मीचा 1957 चा. आम्ही तीन भावंडे. मी थोरली, मधला भाऊ हडपसरला वर्कशॉपमध्ये आहे, धाकटी बहीण दौंडला दिली आहे. तिची स्वतःची कमाई नाही.

अब्बांना पेन्शन आहे. महिन्याला 1,640 रुपये. ऐकणाऱ्याला वाटते, काहीतरी अडकून पडले असेल, अर्ज केला की वाढेल. तसे नाही. ही कर्मचारी पेन्शन योजना 1995 ची पेन्शन आहे आणि तिचे गणित ठरलेले आहे. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले 70. अब्बा 2009 मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा पेन्शनसाठी जास्तीत जास्त 6,500 रुपये पगार धरला जाई. योजना नोव्हेंबर 1995 मध्ये सुरू झाली, म्हणजे त्यांची 14 वर्षे. 6,500 ला 14 ने गुणा आणि 70 ने भागा, 1,300 येतात. 1995 च्या आधीच्या नोकरीचे थोडे मिळून 1,640. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. त्यामुळे 2009 मध्ये जो आकडा होता, तोच आजही आहे. तेव्हा त्यात घरातले दूध, गॅस आणि थोडा किराणा भागत असे. आता ते अब्बांचे खिशातले पैसे आहेत. चहा, नमाजहून येताना नातवासाठी बिस्किटाचा पुडा, कुणाला दहा-वीस रुपये. त्या पैशांना आम्ही कुणी हात लावत नाही. घरातल्या पुरुषाच्या खिशात स्वतःचे पैसे असले की तो ताठ चालतो.

आता माझा पगार. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 64,000 रुपये. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या बहुतेक शिक्षकांसारखी मीही जुन्या पेन्शनच्या बाहेर आहे. मार्च 2023 च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत रस्त्यावर उतरलेल्यांत आमच्या शाळेतले निम्मे लोक होते, ते यासाठीच. माझ्या पगारातून राष्ट्रीय पेन्शन योजनेसाठी 10 टक्के, म्हणजे 6,400 कापले जातात आणि शासन 14 टक्के, म्हणजे 8,960 घालते. घरभाडे भत्ता मिळवून आणि कपात वजा जाऊन हातात साधारण 61,000 येतात. त्यातून माझ्या घरखर्चातला वाटा 27,000, मुलाच्या शिक्षणाचे 9,000, आणि घराच्या वरच्या खोलीसाठी पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाचा हप्ता 8,000. एकूण 44,000. उरले 17,000.

अम्मी-अब्बांचा महिन्याचा खर्च वहीत असा आहे. किराणा, दूध, गॅस 7,000. कामवाल्या बाईंचे 3,000. औषधे 2,100. डॉक्टर आणि तपासण्या, तीन महिन्यांची सरासरी काढून, 1,400. वीज, मोबाइल, रिक्षा 1,500. बरोबर 15,000. यातले 5,000 भाऊ देतो, 10,000 मी देते. म्हणजे 17,000 मधून 10,000 गेले आणि 7,000 राहिले. कुणी विचारले तर मी सांगत असे की महिन्याला सात हजारांची बचत होते. कागदावर होतही होती.

वर्ष संपल्यावर डिसेंबरमध्ये वहीची बेरीज केली. महिन्याचा खर्च ठरल्याप्रमाणे 1,80,000 झाला होता. पण त्याच वर्षी अम्मीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला 28,000 लागले. ऑगस्टमध्ये अब्बा न्हाणीघरात घसरले, मनगटाचे हाड मोडले, रात्रीची वेळ होती म्हणून सर्वांत जवळच्या रुग्णालयात नेले. ते कोणत्याही सरकारी योजनेच्या यादीत नव्हते. प्लेट बसवून 61,000. नंतर वॉकर, कमोडची खुर्ची, न्हाणीघरात भिंतीला धरायच्या दांड्या, 7,400. हे सगळे मिळून 96,400. म्हणजे अम्मी-अब्बांचा वर्षाचा खरा खर्च 2,76,400, महिन्याला 23,000. पंधरा हजार नव्हे.

या 96,400 मधला एक तृतीयांश भावाने दिला. माझ्या वाट्याला 64,267 आले. बाराने भागा, महिन्याला 5,356. सातातून ते वजा करा. माझी खरी बचत महिन्याला 1,644 रुपये. अब्बांच्या पेन्शनपेक्षा चार रुपयांनी जास्त.

हा आकडा पाहून मी बराच वेळ वही मिटली नाही. अब्बांचे म्हातारपण 1,640 रुपयांवर आले, कारण त्यांच्या कमाईच्या काळात बाजूला काही पडले नाही. आम्हा तिघांची शिक्षणे, दोन लग्ने, दादीचे आजारपण. माझेही तसेच चालले होते. असेच चालले तर अठ्ठावन्नाव्या वर्षी मी माझ्या मुलाच्या वहीत एक रकाना होईन. आई-वडिलांची सेवा आणि स्वतःची बचत यांत निवड करायची असते, असे लोक म्हणतात. पण अम्मी-अब्बांसाठीचे दहा हजार कमी करायचे नव्हतेच. बचत खात होता तो अचानक येणारा खर्च. म्हणून प्रश्न असा झाला की, तो एकदम येणारा खर्च माझ्या पगारावरून दुसरीकडे कसा हलवता येईल.

पहिला उपाय सरकारी योजनेचा. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबावे लागत नाही. वय आधार कार्डावरचे धरतात. अब्बांचे कार्ड 2025 च्या सुरुवातीला आम्ही घरीच मोबाइलवरच्या आयुष्मान ॲपमधून काढले. अम्मी अजून सत्तरीच्या आत आहे, त्यामुळे तिला ते मिळत नाही. तिच्यासाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि त्यासाठी रेशन कार्डावर तिचे नाव, आधारशी जुळणारे, असायला हवे. आमच्या रेशन कार्डावर तिचे नाव माहेरच्या उच्चाराने होते, ते दुरुस्त करायला दोन महिने गेले. हे काम माणूस आजारी पडायच्या आधीच करायचे असते.

पण कार्ड पाकिटात असले म्हणजे झाले, असे नाही. हे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे आणि यादीतल्या रुग्णालयातच चालते. रोजची गोळी, ओपीडीची फी, घरी ठेवलेली बाई, येण्या-जाण्याची रिक्षा, यातले काही त्यात नाही. म्हणून एका रविवारी भाऊ आणि मी बसलो आणि हडपसरपासून उरुळीपर्यंत यादीतली रुग्णालये कोणती, त्यात हाडांचा विभाग कुठे, हृदयाचा कुठे, ते लिहून काढले. प्रत्यक्ष जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटलो. आरोग्यमित्र म्हणजे योजनेच्या खिडकीवरचा माणूस, तोच कागद पुढे पाठवून मंजुरी घेतो. यादीत रुग्णालय असते, पण तिथे नेमके तेच ऑपरेशन योजनेत होत नाही, असेही असते. हे त्याला आधीच विचारता येते. तो कागद आता अम्मीच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे, वर भावाचा आणि माझा नंबर. रात्री दोन वाजता कुणाला विचार करायला वेळ नसतो.

दुसरी सोय माझ्या नोकरीतली. शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या शिक्षकांना अवलंबून असलेल्या आई-वडिलांच्या आजाराचा खर्च परत मिळतो. तो ठरलेल्या आकस्मिक आणि गंभीर आजारांसाठीच. स्त्री कर्मचारी स्वतःचे आई-वडील किंवा सासू-सासरे, यांपैकी एकांचीच निवड करू शकते. माझे सासू-सासरे हयात नाहीत, म्हणून मला निवड अवघड गेली नाही. ज्या मैत्रिणींना ती करावी लागते, त्यांनी दीर आणि भाऊ यांच्याकडे कोणती सोय आहे ते पाहून ती करावी, घरातल्या धाकाने नव्हे. आणि एक लक्षात ठेवायचे. हे पैसे परत मिळतात, पण आधी आपल्या खिशातून द्यावे लागतात आणि परत यायला महिने लागतात. म्हणजे सोय असली तरी हाताशी रोख रक्कम लागतेच.

तिसरी गोष्ट औषधांची. दोन वर्षांपूर्वी अब्बांच्या रक्तदाब, साखर आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांना महिन्याला 4,300 लागत. डॉक्टरांना विचारून त्याच औषधांची मूळ नावे लिहून घेतली आणि जनऔषधी केंद्रातून घेऊ लागलो. आता 2,100 लागतात. यात आपल्या मनाने काही करायचे नाही. मेटफॉर्मिन साधे वेगळे आणि हळूहळू विरघळणारे, म्हणजे एसआर, वेगळे. गोळी किती मिलिग्रॅमची तेही तपासायचे. पहिल्या महिन्यात आम्ही नवी पाकिटे डॉक्टरांना नेऊन दाखवली आणि महिनाभर घरी साखर मोजून लिहिली.

आता पुन्हा वहीकडे. अब्बांच्या हातासारखा खर्च यापुढे कार्डावर जाईल असे धरले, तर 96,400 मधले 61,000 निघून जातात. राहतात 35,400. महिन्याला 2,950. हा खर्च कोणत्याही कार्डात बसणार नाही, तो होणारच. म्हणून आम्ही त्याला पगारासारखे महिन्याचे रूप दिले. माझे 2,000 आणि भावाचे 1,000 दर महिन्याला एका वेगळ्या बचत खात्यात जातात. वर्षाचे 36,000. खाते माझ्या नावावर आहे, पासबुक अम्मीकडे. यातून दुसरे काही करायचे नाही, आणि यातले पैसे वाढवायच्या भानगडीतही पडायचे नाही. हवे तेव्हा हातात येणे, एवढेच या पैशांचे काम.

मग माझ्या 7,000 मधले 5,000 खरोखर माझे राहिले. ते पगाराच्या दुसऱ्याच दिवशी जातात, महिनाअखेरीला नव्हे. व्याज नको असणाऱ्यांसाठी शरीयतला अनुसरून शेअर निवडणारे फंड आहेत, त्यातल्या एकात ते जातात. असे फंड खालीही येतात, म्हणूनच अम्मी-अब्बांच्या खात्यातला रुपया तिथे ठेवलेला नाही. मला निवृत्तीला 12 वर्षे आहेत. नफा एक पैसाही धरला नाही तरी 5,000 गुणिले 144 महिने म्हणजे 7,20,000. त्यासमोर 1,644 रुपयांचे 2,36,736 होतात. दोन्हींत पावणेपाच लाखांहून जास्त फरक आहे, आणि अम्मी-अब्बांच्या ताटातली एक पोळीही कमी झालेली नाही.

भावाशी बोलणे मात्र सोपे नव्हते. तो म्हणाला, “आपा, तुझी पेन्शनची कपात इतकी वर्षे चालू आहे. आई-वडिलांच्या आजारासाठी त्यातले काढता येतात म्हणे. मग दर महिन्याला ही ओढाताण कशाला?”

त्याचे खरे आहे. आपण स्वतः घातलेल्या रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंत पैसे ठरावीक कारणांसाठी काढता येतात, आई-वडिलांचे आजारपण त्यात आहे. पण ते मोजक्याच वेळा. एकदा मनगटासाठी काढले, तर उद्या हृदयासाठी एक संधी कमी. शिवाय निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतली 60 टक्के हातात मिळते आणि 40 टक्क्यांची पेन्शन विकत घ्यावी लागते. आज काढलेला पैसा या दोन्हींतून कमी होतो. मी त्याला अब्बांचे 1,300 चे गणित कागदावर मांडून दाखवले आणि म्हटले, “हे बघ, यातच अजून काहीतरी काढून घेतले असते तर?” तो गप्प झाला.

वाटणीचाही प्रश्न होता. भावाला वाटे निम्मे-निम्मे द्यावे, नाहीतर लोक म्हणतील बहीण सांभाळते. त्याला 32,000 मिळतात, घरभाडे आणि दोन लेकरे सोडून आठ हजार उरतात. माझे सतरा उरतात. म्हणून वाटा दोनास एक. बहीण पैसे देत नाही, पण अब्बांच्या हाताच्या वेळी ती दहा दिवस येऊन राहिली. त्या दहा दिवसांसाठी माणूस ठेवला असता तर किती लागले असते, हेही मी वहीत लिहिले आहे.

लोक म्हणतात, वारसा मुलीला अर्धा, मग खर्चाचा भार मुलावर. हनफी फिकहमध्ये हे असे नाही. गरजू आई-वडिलांचा नफका ऐपत असलेल्या मुलावर आणि मुलीवर सारखाच येतो, वारशातल्या हिश्श्याच्या प्रमाणात नाही. देशाचा 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही मुलगा आणि मुलगी यांत फरक करत नाही. यातूनच जकातीचा नियम निघतो. आई-वडिलांना जकात देता येत नाही, कारण त्यांचा खर्च आधीच आपल्यावर आहे. रमजानमध्ये काही जण जकातीच्या पैशांतून अम्मी-अब्बांची औषधे आणून हिशेब मिटवतात, त्याने जकात अदा होत नाही. आणि त्या वेगळ्या खात्यातला माझा पैसा खर्च होईपर्यंत माझाच आहे, म्हणून निसाब मोजताना तो धरावा लागतो. गरजू भावाला किंवा बहिणीला मात्र जकात देता येते.

गाडी रुळावरून उतरते आहे, हे ओळखायच्या दोन खुणा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या आहेत. एक, बचतीतले पैसे लागोपाठ तिसऱ्या महिन्यात परत काढावे लागले. याचा अर्थ खर्च अचानक आलेला नाही, तो कायमचा झाला आहे, आणि भावंडांनी पुन्हा बसून आकडे बदलायला हवेत. दोन, किराणा-औषधांसाठी पतसंस्थेचे कर्ज काढायची वेळ आली. कर्ज खोलीसाठी काढता येते, कारण खोली उरते. महिन्याच्या खर्चासाठी काढलेले कर्ज पुढच्या महिन्याचा पगार आधीच खाते.

हे सगळे एका ठिकाणी तुटणार आहे, तेही लिहिते. दोघांपैकी कुणी अंथरुणाला खिळले आणि दिवसभराचा माणूस ठेवावा लागला, तर महिन्याला पंधरा-वीस हजार लागतील. ते कोणत्याही कार्डात नाहीत आणि आमच्या तीन हजारांच्या खात्यातही नाहीत. भाऊ, बहीण आणि मी यावर बोललो आहोत. माझ्या कर्जाचा हप्ता 2028 मध्ये संपतो, ते आठ हजार तेव्हा मोकळे होतील. त्याआधी वेळ आली, तर बहीण काही महिने इथे राहील आणि तिच्या घरचा खर्च आम्ही दोघे उचलू. तरीही कमी पडले, तर माझे सोने. त्यानंतर पेन्शन. हा क्रम आम्ही शांत डोक्याने ठरवून ठेवला आहे.

मागच्या महिन्यात अब्बांनी वही मागून घेतली. चष्मा लावून सगळी पाने पाहिली. मला वाटले, आता रागावतील. ते म्हणाले, “रिक्षाचे दीडशे जास्त लिहिलेस. त्या दिवशी मी चालत आलो होतो.” मी दीडशे खोडले.